साडेसहा हजारांचा चेहरा

सबिना बागवानला राग यायला फार वेळ लागत नसे. इंदापूरच्या स्टँडसमोर तिच्या अब्बांचा फळांचा गाडा होता. शाळेत असताना ती संध्याकाळी गाड्यावर उभी राहायची आणि एखाद्यानं डाळिंब दाबून दाबून परत ढिगात ठेवलं, की ते त्याला घ्यायलाच लावायची. मग बादशाहभाई गिऱ्हाइकाची समजूत काढत आणि लेकीला घरी पिटाळत. आई नूरजहाँ म्हणायची, या पोरीला नवरा मिळाला तर थोडा बहिराच मिळावा. पण याच पोरीला बारावीला चांगले मार्क पडले, बारामतीच्या एका फार्मसी कॉलेजात नंबर लागला आणि बागवान गल्लीतली बी.फार्म. करणारी ती पहिलीच मुलगी ठरली.

बारामतीत ती एमआयडीसीकडच्या एका घरात कॉट बेसिसवर राहायची. खोलीत दुसरी कॉट राजेश्वरी कोकरेची. ती पणदऱ्याची, घरचा ऊस, गोठ्यात पाच-सहा गाई. शांत, हसरी, सबिनाच्या बरोबर उलट. दोघींचं जमायचं ते त्यामुळंच. सबिना भांडायची आणि राजेश्वरी मिटवायची. अब्बा महिन्याला जे पाठवत, त्यातून कॉटचं भाडं, दोन वेळची मेस आणि झेरॉक्सचा खर्च गेला की सबिनाच्या हातात जेमतेम चारशे रुपये उरत. त्यात साबण, शाम्पू, पॅड आणि महिन्यातून एकदा इंदापूरला जायचं तिकीट. तेही ती कुरकुर न करता भागवायची. कुरकुर सुरू झाली ती दुसऱ्या वर्षी तोंडावर पुटकुळ्या आल्या तेव्हा.

आधी कपाळावर आल्या, मग दोन्ही गालांवर, मग हनुवटीवर दुखऱ्या गाठी. भिगवणला मामेबहिणीच्या लग्नात एकीनं तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला आणि सगळ्यांसमोर विचारलं, पोट साफ होत नाही का गं तुझं? सबिना तिथून उठली आणि जेवायलाही थांबली नाही. खोलीवर येऊन तिनं लिंबू लावलं, बेसन लावलं, एकदा टूथपेस्टसुद्धा लावली. राजेश्वरी म्हणाली, अगं आपण फार्मसी शिकतो, जरा तरी डोकं वापर. पण आरशासमोर उभं राहिल्यावर पुस्तकातलं काही आठवत नाही, हे सबिनाला त्या दिवसांत कळलं.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला कॉलेजच्या नोटीस बोर्डावर कागद लागला: मुलींसाठी मोफत त्वचा तपासणी. भिगवण रोडवर नव्यानं उघडलेल्या झेलिया स्किन स्टुडिओची माणसं येणार होती. सेमिनार हॉलमध्ये त्यांनी गुलाबी पडदे लावले, टेबलावर एक मशीन ठेवलं आणि पांढरा एप्रन घातलेली एक तरतरीत मुलगी त्यामागं बसली. तिच्या छातीवर नाव होतं रेश्मा, आणि खाली लिहिलं होतं 'स्किन एक्स्पर्ट'. सगळ्या तिला डॉक्टर मॅडम म्हणत होत्या आणि ती कुणालाही दुरुस्त करत नव्हती.

मशीनमध्ये हनुवटी टेकवून डोळे मिटायचे. निळसर उजेड पडायचा, मग समोरच्या स्क्रीनवर आपलाच चेहरा दिसायचा, पण कसा? तपकिरी डागांनी भरलेला, नाकाच्या दोन्ही बाजूंना नारिंगी ठिपके चमकणारे, जळालेल्या भाकरीसारखा. सबिनानं तो पाहिला आणि दोन्ही गाल तळहातांनी झाकून घेतले.

रेश्मा अगदी हळू आवाजात, आपुलकीनं बोलली. त्वचेचं वय पस्तिशीच्या पुढं गेलंय म्हणाली. आतून नुकसान झालंय, ते अजून वर आलेलं नाही, आता काही केलं नाही तर हे डाग कायमचे राहतील. मेडिकलमधल्या स्वस्त क्रीमनं काहीही होत नाही, ती फक्त वरवर चोपडायची असतात. यावर एकच उपाय. तिनं टेबलाखालून एक पांढरी पेटी काढली. आत कापसाच्या गादीवर सहा बाटल्या निजल्या होत्या: फेसवॉश, टोनर, सकाळचं व्हिटॅमिन सीचं सीरम, रात्रीचं रेटिनॉलचं सीरम, क्रीम आणि सनस्क्रीन. किंमत साडेसहा हजार. विद्यार्थ्यांसाठी तीन हप्ते.

सबिना नको म्हणून उठली होती. दारापर्यंत गेलीही. मग तिला भिगवणच्या मांडवातली ती बाई आठवली आणि ती परत फिरली.

पहिल्या हप्त्याला मेसचे पैसे गेले. तिनं मेसवाल्या काकूंना सांगितलं की रात्रीचं जेवण बंद करा, मी डाएट करतेय. रात्री ती दुधात बिस्किटं बुडवून खायची. राजेश्वरी आपल्या डब्यातली भाकरी पुढं करायची, तर ही म्हणायची भूक नाही. घरी तिनं अब्बांना सांगितलं की प्रॅक्टिकलसाठी पुस्तकं घ्यायचीत. बादशाहभाईंनी काही न विचारता पुढच्या महिन्याचे पैसे आधीच पाठवले.

राजेश्वरीला हा सगळा खटाटोप पटला नाही. तिचा चेहरा तसा स्वच्छ होता, फक्त रंग सावळा, आणि घरात तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. तिला तिच्या चुलतबहिणीनं एक ट्यूब सांगितली होती. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मेडिकलमध्ये शंभर-सव्वाशेला मिळायची. राजेश्वरी म्हणाली, "एवढं पैसे घालवायची काय गरज हाय? माझी ट्यूब बघ. पंधरवड्यात फरक."

आणि फरक पडला, हे खरं. राजेश्वरी गोरी दिसायला लागली, कातडी मऊ आणि चकचकीत झाली. इकडं सबिना रात्री टोनर लावायची, त्यावर रेटिनॉल चोळायची, सकाळी उठून व्हिटॅमिन सी लावायची, सगळं अगदी रेश्मानं सांगितलं तसं. सुरुवातीला चेहरा ताणल्यासारखा वाटला. मग लाल झाला. मग ओठांच्या कडेला पापुद्रे सुटायला लागले आणि एका सकाळी नुसतं नळाचं पाणी लागलं तरी मिरची चोळल्यासारखी आग झाली. जुन्या पुटकुळ्या होत्याच, वर नव्या आल्या.

ती स्टुडिओत गेली. रेश्मानं तिला एसीत बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की हे तर चांगलं लक्षण आहे, आतली घाण बाहेर पडते आहे. थांबायचं नाही. फक्त सोबतीला एक शांत करणारं सीरम घ्यायचं, बावीसशेचं. सबिनाच्या खिशात तेव्हा परतीच्या रिक्षापुरतेही पैसे नव्हते. ती भिगवण रोडवरून चालत खोलीवर आली, तोंडाला ओढणी गुंडाळून, आणि चालताना तिला रडू आलं तर अश्रूंनीही गाल चुरचुरले.

शेवटी राजेश्वरीच तिला ओढत सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. केसपेपर काढला, बाकावर बसून वाट पाहिली. त्वचारोगाच्या डॉक्टरीण बाई पन्नाशीच्या होत्या, आवाज करडा. त्यांनी सबिनाचा चेहरा पाहिला, पेटीतल्या बाटल्यांचे फोटो मोबाईलवर मोठे करून वाचले आणि विचारलं, कोणत्या वर्षाला आहेस? फार्मसी, तिसरं वर्ष, असं उत्तर आल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"टोनरमध्ये ग्लायकोलिक ॲसिड आहे. त्यावर लगेच रेटिनॉल. सकाळी परत व्हिटॅमिन सी. रोज. तुझ्या कातडीचा वरचा थर असतो ना, पाणी आत धरून ठेवणारा, तो तू सोलून काढलास. रेटिनॉलनं सुरुवातीला थोड्या पुटकुळ्या वाढतात, ते मान्य. पण पाणी लागून आग होते, त्याला घाण बाहेर पडणं म्हणत नाहीत. त्याला जखम म्हणतात."

सबिनानं विचारलं की मग ही औषधं खोटी आहेत का. बाई म्हणाल्या, खोटी नाहीत, हेच तर दुखणं आहे. यातलं प्रत्येक द्रव्य कामाचं आहे, पण एकेक, हळूहळू, गरज असेल त्याला. आणि तीच द्रव्यं मेडिकलमध्ये पाव किमतीत मिळतात. महाग बाटलीत पैसे जातात ते वासाला, काचेला, जाहिरातीला. काही महाग सनस्क्रीन चोपडल्यावर पांढरे पट्टे कमी दिसतात, काही क्रीम हाताला छान लागतात. तेवढं खरं. पण पुटकुळीला बाटलीची किंमत वाचता येत नाही.

मग त्यांनी पेटीतल्या सनस्क्रीनच्या फोटोवर बोट ठेवलं. इवलीशी ट्यूब होती. चेहऱ्याला आणि मानेला दोन बोटं भरून लावावं लागतं, म्हणाल्या. त्या हिशोबानं ही पंधरा-वीस दिवसांत संपते. तू किती दिवस पुरवलीस? सबिना मुगाच्या दाण्याएवढं लावत होती आणि दोन महिने होऊनही ट्यूब अर्धी शिल्लक होती. बाई म्हणाल्या, महाग म्हणून चाटण लावल्यासारखं लावलेलं सनस्क्रीन नसल्यासारखंच. त्यापेक्षा खिशाला परवडणारं घे आणि हात सैल सोडून लाव.

चिठ्ठीवर त्यांनी साधा, कमी फेसाचा फेसवॉश लिहिला, बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन. बाकी सगळं बंद. आग पूर्ण थांबली की मग रात्री पुटकुळ्यांवरचं ॲडापॅलीन जेल, वाटाण्याएवढं, एक दिवस आड, आणि तीन महिने धीर.

उठता उठता त्यांचं लक्ष राजेश्वरीकडं गेलं. तिला जवळ बोलावून त्यांनी खिडकीच्या उजेडात तिचे गाल पाहिले. "तू काय लावतेस?" राजेश्वरीनं पर्समधून ट्यूब काढून दिली. बाईंनी ती उलटी करून सबिनाच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, वाच मोठ्यानं.

सबिना वाचायला लागली आणि दुसऱ्याच शब्दाला अडखळली. स्टेरॉईड होतं. सोबत रंग उतरवणारं हायड्रोक्विनोन आणि कातडी सोलणारं ट्रेटिनॉईन. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, असं ट्यूबवरच छापलेलं होतं, आणि हेच सगळं तिनं परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. राजेश्वरीच्या गालांवरची ती चकाकी म्हणजे पातळ झालेली कातडी होती. नीट पाहिलं तर बारीक लाल शिरा दिसत होत्या. बाईंनी तिला समजावलं की ट्यूब एकदम सोडली की चेहरा भाजल्यासारखा लाल होईल, आपण ती सांभाळून सोडवू, वेळ लागेल, घाबरायचं नाही. कायम हसणारी राजेश्वरी खाली मान घालून बसली. म्हणाली, "मी तर स्वस्तातलं घेतलं हुतं, मॅडम."

त्या वाक्यानं सबिनाचं डोकं फिरलं. स्वतःच्या चेहऱ्याची आग ती सोसत होती, पण राजेश्वरीनं कुणाचं काय वाईट केलं होतं? एकीला भीती घालून महाग विकलं, दुसरीला आशा दाखवून स्वस्त विकलं, आणि दोघींच्या तोंडाची माती केली. खोलीवर आल्यावर तिनं पेटीतल्या बाटल्या आणि मेडिकलमधून आणलेल्या साध्या वस्तू शेजारी शेजारी मांडल्या. मॉइश्चरायझरच्या मागची नावं वाचली: पाणी, ग्लिसरीन, स्टिअरिक ॲसिड. दोन्हीकडं पहिली नावं तीच. कॉलेजच्या लॅबमध्ये तिनं स्वतःच्या हातानं व्हॅनिशिंग क्रीम बनवलं होतं, त्यातही हेच. पेटीतल्या क्रीमला गुलाबाचा वास होता आणि चांदीचं झाकण होतं. या झाकणासाठी आपण रात्री उपाशी झोपलो, हे तिला सहन होईना.

ती आधी स्टुडिओत गेली. तिथल्या मॅनेजरनं सांगितलं की फोडलेला माल परत होत नाही, आणि चुकीचं वापरल्याची जबाबदारी कंपनीची नाही. वर राहिलेला हप्ता वेळेत भरायला सांगितला. मग ती प्राचार्यांकडं गेली. प्राचार्य विजयसिंह निंबाळकर भला माणूस होता, पण कॉलेजचं गॅदरिंग जवळ आलं होतं आणि स्टेजचा खर्च झेलिया करणार होतं. त्यांनी तिचं ऐकून घेतलं आणि म्हणाले की कुणी जबरदस्ती तर केली नव्हती; आपण शिकलेली माणसं, घेताना विचार करायचा.

"सर, नोटीस कॉलेजच्या बोर्डावर हुती," सबिना म्हणाली. "खाली तुमची सही हुती. आम्ही तिच्यावर विश्वास ठेवला."

प्राचार्यांनी पेन उचललं, पुन्हा ठेवलं आणि बघतो म्हणाले. बघितलं काही नाही. महिना-दीड महिन्यानं बोर्डावर तोच कागद पुन्हा लागला. या वेळी नव्या आलेल्या फर्स्ट इयरच्या मुलींसाठी.

तपासणीच्या दिवशी सबिनाचं लेक्चर होतं. ते सोडून ती सेमिनार हॉलमध्ये गेली. चेहऱ्याची आग तोवर थांबली होती. लालसर डाग राहिले होते. गुलाबी पडदे तेच, मशीन तेच, रेश्माही तीच. काटेवाडीहून येणारी एक बारकी मुलगी मशीनमधून तोंड काढून स्क्रीनकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर तीच भीती होती. रेश्मानं पेटी उघडायला हात घातला, तेवढ्यात सबिना पुढं झाली. ओरडली नाही. तिला ओळखणाऱ्या मुलींना तेच नवल वाटलं.

"मॅडम, एकदा तुमचा चेहरा लावा ना यात. तुमी तर ही पेटी वापरत असाल."

रेश्मा हसली आणि म्हणाली की वेळ कमी आहे, मुली बऱ्याच आहेत. मागून कुणीतरी म्हणालं, लावा की मॅडम. मग दुसरी म्हणाली. सगळा हॉल तिच्याकडं बघत राहिला. नाही म्हणायची सोय उरली नाही. तिनं केस मागं घेतले आणि हनुवटी टेकवली. निळा उजेड पडला.

स्क्रीनवर रेश्माचा चेहरा आला. कपाळभर तपकिरी डाग, गालांवर डाग, नाकापाशी नारिंगी ठिपके. काटेवाडीच्या मुलीपेक्षा जास्तच.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. सबिनानं मुलींना सांगितलं की हा उजेड कुणाच्याही चेहऱ्यावर टाकला तर असंच दिसतं. उन्हात हिंडणाऱ्या प्रत्येकाच्या कातडीत असे डाग असतात आणि ते नारिंगी ठिपके म्हणजे प्रत्येकाच्या छिद्रांत राहणारे जंतू. डॉक्टर हा उजेड वापरतात ते आजार ओळखायला. इथं तो भीती घालायला आणलाय. मग तिनं ओढणी बाजूला केली, स्वतःचे गाल दाखवले आणि म्हणाली, "हे या पेटीनं केलंय. तुमच्यातल्या ज्यांना पुटकुळ्या असतील त्यांनी सरकारी दवाखान्यात जावं. ज्यांना न्हाईत, त्यांना साधा फेसवॉश, साधं क्रीम आणि सनस्क्रीन बास हाय. तेवढं तुमच्या खर्चात बसतं. मेस बंद करू नका."

काटेवाडीची मुलगी खुर्चीवरून उठली. तिच्यामागं बाकीच्याही निघाल्या.

हॉल रिकामा झाला तरी रेश्मा खुर्चीतच बसून होती. सबिनाला अजून बरंच बोलायचं होतं. तिनं कितीतरी दिवस ते मनात घोळवलं होतं. पण रेश्मानंच आधी तोंड उघडलं आणि तिची शहरी भाषा कुठल्या कुठं गेली. भिगवणची होती ती. वडील धरणात मासे धरायचे. बारावीनंतर चार दिवसांचं ट्रेनिंग देऊन झेलियानं तिला एप्रन दिला होता. पगार नावापुरता, बाकी विकलेल्या पेट्यांवर. कामाला लागताना प्रत्येकीला एक पेटी स्वतः विकत घ्यावी लागते आणि ते पैसे पगारातून कापून घेतात.

"मी ती वापरतच न्हाय," रेश्मा म्हणाली. "माझ्या तोंडाला पण आग व्हते. मी घरात खोबरेल लावते."

सबिनाचा राग गेला नाही, पण तो या मुलीवर धरून ठेवायला तिला जमेना. ती म्हणाली, "तरी तू मला थांबू नको म्हणालीस." रेश्मानं मशीनची वायर गुंडाळली, पडदे काढले आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी सबिनाला बोलावलं, आणि तिच्या घरीही फोन गेला. कॉलेजच्या पाहुण्यांचा अपमान केल्याबद्दल लेखी माफी मागायची होती. बादशाहभाई गाडा शेजाऱ्याच्या हवाली करून पहिल्या एसटीनं आले. गेटपाशी त्यांनी लेकीला पाहिलं. पेटी घेतल्यापासून ती घरी गेलीच नव्हती; एवढ्या महिन्यांत ती वाळली होती, डोळे खोल गेले होते. त्यांनी आधी विचारलं, जेवतेस ना? त्या एका प्रश्नावर सबिनानं मेस, पेटी, खोटी पुस्तकं, सगळं सांगून टाकलं. लेक खोटं बोलली याचं बादशाहभाईंना वाईट वाटलं आणि त्यांनी ते बोलून दाखवलं. मग म्हणाले, "माफी माझी माग. त्यांची न्हाय."

केबिनमध्ये त्यांनी फार काही म्हटलं नाही. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. एवढंच विचारलं की माझ्या मुलीनं सांगितलं त्यातलं खोटं काय, ते सांगा. ते खोटं असेल तर ती माफी लिहील. निंबाळकर सरांनी पुन्हा पेन उचललं. त्याआधीच सबिनानं ग्राहक तक्रारीच्या हेल्पलाईनवर तक्रार टाकली होती आणि दवाखान्याचा केसपेपर जोडला होता. कॉलेजचं नाव त्यात आलं होतं. सरांना ते ठाऊक होतं. माफीचा विषय तिथंच संपला. झेलियाचा राहिलेला हप्ताही पुन्हा कुणी मागितला नाही. भरलेले पैसे मात्र आले नाहीत, आणि गॅदरिंगचं स्टेज झेलियाच्याच पैशांनी उभं राहिलं. पाठीमागच्या पडद्यावर एका गुळगुळीत चेहऱ्याच्या बाईचा फोटो होता. सबिना त्या कार्यक्रमाला गेली नाही.

तिचा चेहरा हळूहळू सुधारला. जेलनं काम केलं, पण डॉक्टरीण बाईंनी सांगितलं तसा वेळ घेऊनच. चेहऱ्याचा खर्चही तिच्या उरणाऱ्या चारशेत बसायला लागला, कारण जेलची ट्यूब दोन-अडीच महिने पुरायची आणि फेसवॉश त्याहून जास्त. सनस्क्रीन तेवढं दर महिन्याला लागायचं. राजेश्वरीचे हाल मोठे झाले. ट्यूब सुटताना तिचं तोंड टोमॅटोसारखं लाल व्हायचं, उन्हात निघवत नसे. एक स्थळ त्यातच परत गेलं. ती आता हसायची, पण पूर्वीसारखी चटकन नाही. आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या त्या मेडिकलमध्ये तीच ट्यूब अजून समोरच्या काचेत मांडलेली होती. सबिनानं दोनदा जाऊन भांडण केलं. दुसऱ्या वेळी मालक म्हणाला, मी नाही दिली तर शेजारचा देतो, तू स्वतःचं दुकान काढशील तेव्हा बघू.

सुट्टीत ती इंदापुरात आप्पासाहेब शेंडे यांच्या मेडिकलमध्ये ट्रेनिंगला बसली. आप्पासाहेब घरच्या ओळखीतले, कामात काटेकोर, पण गिऱ्हाईक तोडायचं नाही या मताचे. एका दुपारी कॉलेजची एक मुलगी आली. गाल जरा सावळे, बाकी काही नाही. तिनं हळूच त्या ट्यूबचं नाव घेतलं.

सबिनानं चिठ्ठी मागितली. मुलगी म्हणाली चिठ्ठी नाही, मैत्रिणीनं सांगितलंय. सबिनानं तिला ट्यूबमध्ये काय असतं ते सांगितलं, राजेश्वरीचं सांगितलं, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन काउंटरवर ठेवलं. मुलीनं दोन्ही हातात घेऊन पाहिलं. यानं गोरी होईन का, तिनं विचारलं. सबिना म्हणाली, "न्हाय. उन्हानं काळवंडलेलं कमी होईल. तुझा रंग हाय तोच राहील, आणि तो चांगला हाय."

मुलगी थँक्यू म्हणाली, वस्तू परत ठेवल्या आणि गेली. आप्पासाहेब आतून म्हणाले की गेलं गिऱ्हाईक. सबिना काचेतून बघत होती. मुलगी रस्ता ओलांडून समोरच्या दुकानाच्या पायरीवर चढली. तिथल्या माणसानं काही न विचारता मागं हात केला आणि कप्प्यातून ट्यूब काढली.

सबिनानं एप्रनची गाठ सोडली, तो काउंटरवर टाकला आणि आप्पासाहेब काही म्हणायच्या आत ती रस्त्यात उतरली. डावीकडून उसाचा ट्रॅक्टर येत होता. तिनं हात दाखवून तो थांबवला आणि समोरच्या दुकानाकडं निघाली.